पाच आकड्यांतली रेषा

1903 साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात कार्ल पिअर्सन आणि अ‍ॅलिस ली यांचा आनुवंशिकतेवरचा एक दीर्घ लेख छापून आला. इंग्लंडमधल्या कुटुंबांत घेतलेली शरीराची मापं त्याच्या मुळाशी होती. त्यांतला एक तक्ता वडील आणि वाढ पूर्ण झालेला मुलगा यांच्या उंचीच्या 1078 जोड्यांचा आहे. एखाद्याची उंची दोन रकान्यांच्या बरोबर सीमेवर आली, तर लेखकांनी ती दोन्हीकडे वाटून टाकली, म्हणून त्या तक्त्यात पाव आणि अर्धे मुलगेही दिसतात. माणसं मोजताना इतकी काटेकोर राहिलेली ही आकडेवारी सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांनी शंभराहून जास्त वर्षं वापरली आहे, आणि या पुस्तिकेतलं मुख्य उदाहरणही मी तिच्यातूनच घेतलं आहे.

तो तक्ता हाताशी नसला तरी आपलं काम अडत नाही. वडिलांची सरासरी उंची 67.68 इंच. मुलग्यांची 68.65 इंच. वडिलांच्या उंचीचं प्रमाण विचलन 2.70 इंच, मुलग्यांच्या उंचीचं 2.71 इंच. दोन्ही उंचींमधला सहसंबंध गुणांक 0.514. एवढे पाच आकडे मिळाले, की वडिलांच्या उंचीवरून मुलग्याच्या उंचीचा अंदाज देणारी रेषा दोन ओळींच्या गणितात निघते. संगणक लागत नाही आणि 1078 जोड्याही लागत नाहीत. पाठ्यपुस्तकं जिला समाश्रयण रेषा म्हणतात आणि वर्गात सगळे जिला रिग्रेशनची रेषा म्हणतात, ती हीच. या पाच आकड्यांत नेमकं काय मावतं आणि काय मावत नाही, हे हाताने करून पाहण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

आधी ते दोन ओळींचं गणित उरकून घेऊ. वडिलांची उंची x आणि मुलग्याची y मानली, तर रेषेचा चढ b आणि आंतरछेद a असे मिळतात:

b = r × (sy ÷ sx) = 0.514 × (2.71 ÷ 2.70) = 0.516

a = ȳ − b × x̄ = 68.65 − 0.516 × 67.68 = 33.73

म्हणजे मुलग्याची अंदाजे उंची = 33.73 + 0.516 × वडिलांची उंची. सहा फुटी वडील घेतले, म्हणजे 72 इंच, तर उत्तर 70.88 इंच येतं, पाच फूट अकरा इंचांच्या अगदी जवळ. प्रमाण विचलन काढताना 1078 ने भागलं की 1077 ने, याची चिंता इथे करायला नको. दोन्ही विचलनांना एकच भाजक वापरला असेल तर भागाकारात तो कटून जातो. मात्र एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा वापरला, तर चढात बारीकशी चूक शिरते, आणि निरीक्षणं दहा-बाराच असली तर ती चूक बारीक राहत नाही.

बहुतेक पुस्तकं सूत्र देऊन इथेच थांबतात. माझ्या मते विद्यार्थ्याचं नुकसान इथूनच सुरू होतं, कारण ही दोन सूत्रं कुठून आली हे समजायला कलनाचीही गरज नाही. आठवीतल्या वर्गविस्तारावर काम भागतं.

आपल्याला अशी रेषा हवी आहे, की तिने दिलेले अंदाज आणि मुलग्यांच्या खऱ्या उंची यांच्यातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी व्हावी. प्रत्येक उंची तिच्या सरासरीपासून मोजायला लागा. म्हणजे 72 इंचांचे वडील आता ‘अधिक 4.32’ झाले आणि 66 इंचांचे ‘उणे 1.68’. असं केल्यावर दोन्ही बाजूंची सरासरी शून्य होते. आता रेषा या नव्या शून्यबिंदूच्या वरून किंवा खालून c अंतरावर नेली, तर प्रत्येक जोडीमागे सरासरी चुकीच्या वर्गात नेमकी c² इतकी भर पडते. बाकीची पदं बेरजेत शून्य होतात. वर्ग उणे होत नाही, म्हणून c शून्य ठेवणंच फायद्याचं. दुसऱ्या शब्दांत, सर्वोत्तम रेषेला दोन सरासऱ्यांच्या बिंदूतून जावंच लागतं. आंतरछेदाचं सूत्र हेच सांगतं, त्याहून वेगळं काहीही सांगत नाही.

उरला चढ. रेषेचा चढ b असेल, तर जोडीमागे सरासरी वर्गित चूक इतकी येते:

7.344 − 7.522 × b + 7.29 × b²

यातला 7.344 हा 2.71 चा वर्ग आहे आणि 7.29 हा 2.70 चा. मधला 7.522 म्हणजे 0.514 × 2.70 × 2.71 या गुणाकाराची, म्हणजेच सहप्रचरणाची, दुप्पट. वाचकाने इथे थांबून स्वतः काही किमती घालून पाहाव्यात. चढ शून्य ठेवला, म्हणजे वडिलांकडे न पाहता प्रत्येक मुलग्याला 68.65 इंच सांगून टाकलं, तर चूक 7.344 राहते. चढ 1 धरला तर 7.11. 0.4 ला 5.50, 0.5 ला 5.406 आणि 0.516 ला 5.404. तळ तिथेच आहे. मधल्या पदाच्या सहगुणकाचा अर्धा घेऊन त्याला शेवटच्या पदाच्या सहगुणकाने भागलं, म्हणजे 3.761 ÷ 7.29 केलं, की तेच 0.516 मिळतं. सहप्रचरण भागिले x चं प्रचरण, हे चढाचं मूळ रूप. r × (sy ÷ sx) हे त्याचंच वापरायला सोपं केलेलं रूप.

या किमतींत आणखी दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली, तळाशी वक्र फार सपाट आहे. 0.516 च्या जागी 0.5 घेतलं तर चूक जेमतेम हजाराव्या भागात बदलते. म्हणून चढ चार दशांश स्थळांपर्यंत नेण्याचा सोस बऱ्याचदा फुकट असतो. दुसरी, तळाच्या 5.404 चं वर्गमूळ सुमारे 2.32 इंच आहे. वडिलांची उंची माहीत नसताना आपला अंदाज साधारण 2.71 इंचांनी हुकत होता, ती माहीत झाल्यावर 2.32 इंचांनी हुकतो. सहा फुटी वडिलांच्या मुलग्याला 70.88 इंच सांगणाऱ्याने हा 2.32 चा आकडाही शेजारी लिहिलाच पाहिजे. त्याविना अंदाजाला फाजील अचूकता चिकटते. तो याच पाच आकड्यांतून, sy × √(1 − r²) या सूत्राने, एका ओळीत निघतो.

आता चढ 1 कडे परत येऊ, कारण डोळ्यांना तोच भुलवतो. 1078 बिंदू आलेखावर मांडले तर तिरपा लंबगोल ढग दिसतो. कोणालाही पट्टी देऊन यातून रेषा ओढायला सांगा, तो ढगाच्या लांब अक्षावरून ओढतो. त्या रेषेचा चढ इथे 2.71 ÷ 2.70, म्हणजे जवळजवळ 1 असतो. ढगाचं रूप सांगायला ती रेषा चांगली आहे, पण अंदाजासाठी वाईट, हे 7.11 आणि 5.404 यांच्यातल्या अंतराने दाखवलंच. फक्त 72 इंचांच्या आसपासच्या वडिलांची उभी पट्टी घेतली आणि त्यांच्या मुलग्यांची सरासरी पाहिली, तर ती लांब अक्षाच्या खाली येते. वडील सरासरीहून 4.32 इंच उंच, तर मुलगे स्वतःच्या सरासरीहून फक्त 2.23 इंच उंच. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये हेच पाहिलं होतं. त्यांनी आईची उंची 1.08 ने गुणून वडिलांच्या उंचीशी तिची सरासरी काढली, आणि अपत्यांमधला फरक पालकांमधल्या फरकाच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो असं त्यांच्या लक्षात आलं. त्या वेळी r साठी आजचं सूत्र नव्हतं. ते पिअर्सन यांनी 1896 मध्ये मांडलं, आणि पुढच्याच वर्षी उडनी यूल यांनी लघुतम वर्गांची पद्धत आणि ही रेषा एकत्र जोडली.

यातून कोणी असा अर्थ काढेल, की पिढ्यान्‌पिढ्या सगळी माणसं एकाच उंचीकडे सरकत आहेत. तो अर्थ आकड्यांनीच खोडला जातो: मुलग्यांचं प्रमाण विचलन 2.71, वडिलांचं 2.70. उंचीतला पसारा कमी झालेलाच नाही. उंच वडिलांचे मुलगे मध्याकडे येतात, तसे मध्यम वडिलांचे काही मुलगे टोकाला जातात. हे आणखी स्पष्ट व्हायला रेषा उलट दिशेने काढून पाहावी, म्हणजे मुलग्याच्या उंचीवरून वडिलांच्या उंचीचा अंदाज घ्यावा. इथे विद्यार्थी हमखास घसरतो. हातात y = 33.73 + 0.516x आहे, मग x ची किंमत काढायची, इतकंच ना? त्या हिशेबाने 70.88 इंचांच्या मुलग्याचे वडील 72 इंचांचे निघतात. पण उलट रेषेचा चढ 1 ÷ 0.516 नाही. तो 0.514 × (2.70 ÷ 2.71), म्हणजे 0.512 आहे, आणि आंतरछेद 32.53. त्या रेषेने 70.88 इंचांच्या मुलग्याचे वडील 68.82 इंचांचे येतात. दोन उत्तरांत तीन इंचांहून जास्त फरक आहे! उंच मुलग्यांचे वडीलही सरासरीकडे झुकलेलेच असतात. काळाचा किंवा वंशाचा प्रवाह यात कुठे नाही. सहसंबंध 1 पेक्षा कमी असला, की दोन्ही दिशांनी असंच होतं. दोन चढांचा गुणाकार करा, 0.516 × 0.512 = 0.264, म्हणजे r चा वर्ग. दोन रेषा एकच असत्या तर हा गुणाकार 1 आला असता. परीक्षेत दोन समीकरणं देऊन ‘यांतली y ची x वरची रेषा कोणती’ असा प्रश्न येतो, त्याची किल्लीही हीच आहे: ज्या निवडीने गुणाकार 1 च्या वर जातो, ती निवड चुकीची.

हाताने गणित करताना खरा धोका सूत्र विसरण्यात नसून आकडे कुठे गोल केले यात असतो. दोन ठिकाणं विशेष जपायची आहेत.

पहिलं ठिकाण आंतरछेदाचं. कोणी 0.516 चा 0.5 केला आणि आंतरछेद मात्र जुनाच, 33.73, ठेवला, तर 72 इंचांना उत्तर 69.73 येतं. एक इंचाहून जास्त चूक. तोच 0.5 धरून आंतरछेद नव्याने काढला, 68.65 − 33.84 = 34.81, तर उत्तर 70.81 येतं आणि चूक एका इंचाच्या दहाव्या भागाहूनही कमी राहते. म्हणून नियम असा: चढ जितका गोल करायचा तितका आधी करा आणि मग त्याच गोल केलेल्या चढावरून आंतरछेद काढा. ताळा सोपा आहे. समीकरणात वडिलांची सरासरी घालायची, मुलग्यांची सरासरी बाहेर आली पाहिजे. 33.84 + 33.73 = 67.57, आणि यायला हवं होतं 68.65. चूक जागच्या जागी पकडली जाते. मी माझ्या विद्यार्थ्यांना हा ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू देत नाही.

दुसरं ठिकाण जास्त घातकी आहे. कच्च्या बेरजांवरून चढ काढताना वरच्या पदासाठी Σxy − n·x̄·ȳ हे सूत्र वापरतात. उंचींच्या उदाहरणात यातलं दुसरं पद 1078 × 67.68 × 68.65, म्हणजे 50 लाखांच्या थोडं वर येतं. पहिलं पदही तेवढंच मोठं. आणि आपल्याला हवा असलेला फरक केवळ 4,054 आहे. दोन अवाढव्य आकड्यांच्या वजाबाकीतून हजाराव्या भागाहूनही लहान काहीतरी वेचून काढायचं आहे. समजा, इतर सर्व आकडे नेमके आहेत आणि कोणी फक्त मुलग्यांची सरासरी 68.65 ऐवजी 68.7 लिहिली. पाच शतांश इंच! वजा होणारं पद 3,648 ने वाढतं, 4,054 मधून उरतात 406, आणि चढ 0.516 वरून 0.05 वर येऊन आदळतो. वडिलांच्या उंचीचा मुलग्याच्या उंचीशी जवळपास संबंधच नाही, असा निष्कर्ष एका दशांश स्थळाच्या आळसातून निघतो.

यावर जुन्या गणकांचा उपाय गृहीत मध्याचा. सुरुवातीलाच प्रत्येक उंचीतून 68 वजा करायचे. सगळे बिंदू एकाच मापाने सरकवले तर चढ बदलत नाही, पण सरासऱ्या आता −0.32 आणि 0.65 झाल्या. वजा होणारं पद 1078 × (−0.32) × 0.65, म्हणजे उणे 224 च्या आसपास उरतं. तीच चूक पुन्हा करा, 0.65 च्या जागी 0.70 लिहा. पद 17 ने बदलतं, चढ 0.516 चा 0.518 होतो. तीच बेपर्वाई, पण नुकसान जवळजवळ काही नाही. पाठ्यपुस्तकांत u = x − A, v = y − B अशी जी अदलाबदल शिकवतात, ती बहुतेकांना लहान आकड्यांची सोय वाटते. माझ्या दृष्टीने तिचं खरं मोल हे आहे.

आंतरछेदाच्या अर्थाबद्दल थोडंसं. 33.73 इंच म्हणजे उंची शून्य असलेल्या वडिलांच्या मुलग्याची उंची, आणि असे वडील नसतात. या नोंदींतले वडील साधारण 59 ते 75 इंचांचे आहेत, रेषेला त्याबाहेर बोलण्याचा अधिकार नाही. आंतरछेद इथे रेषा योग्य उंचीवर टेकवण्याचं काम करतो, तेवढंच. म्हणून अहवालात मला y = 68.65 + 0.516 × (x − 67.68) हे रूप जास्त प्रामाणिक वाटतं. त्यात प्रत्येक आकड्याला अर्थ आहे.

एवढं सगळं पाच आकड्यांनी दिलं. आता त्यांना काय देता येत नाही ते पाहू. 1973 मध्ये फ्रँक अ‍ॅन्सकोम यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच छापले. चारही संचांत x ची सरासरी 9, y ची 7.50, प्रमाण विचलनं 3.32 आणि 2.03, सहसंबंध 0.816. आपल्या पद्धतीने चारही वेळा चढ 0.5 आणि आंतरछेद 3 येतो, आणि वर सांगितलेला ताळाही चारही वेळा बरोबर जुळतो. पहिल्या संचात बिंदू खरोखरच रेषेभोवती विखुरले आहेत. दुसऱ्यात ते एका गुळगुळीत वक्रावर आहेत, रेषेचा तिथे काही संबंध नाही. तिसऱ्यात दहा बिंदू वेगळ्याच, कमी चढाच्या सरळ रेषेवर आहेत आणि एकटा अकरावा सगळ्या गणिताला वर खेचतो. चौथ्यात दहा बिंदूंचा x एकच आहे, 8. उरलेला एक 19 वर आहे. तो काढला तर x चं प्रमाण विचलनच शून्य होतं आणि चढ काढायला काही उरत नाही. म्हणजे चौथ्या संचातला 0.5 हा चढ अकरा निरीक्षणांचा नसून एका निरीक्षणाचा आहे. पाच आकड्यांकडे कितीही वेळ पाहिलं तरी हे चार संच वेगळे ओळखता येत नाहीत.

पिअर्सन आणि ली यांच्या उंचींना ही रेषा शोभते. कारण पाच आकडे नेटके आले हे नाही. त्यांनी पूर्ण तक्ता छापला होता, आणि त्यात वडिलांच्या प्रत्येक इंचामागे मुलग्यांची सरासरी काढली तर ते बिंदू खरोखरच सरळ रेषेच्या जवळ पडतात. ही तपासणी तक्त्याशिवाय झाली नसती. कोणाच्या अहवालात फक्त सरासरी, विचलन आणि r दिलेले असतील, तर त्यावरून चढ जरूर काढा, पण ती रेषा योग्य आहे की नाही याचा निकाल तुमच्या हातात नाही, हे त्याच पानावर लिहून ठेवा.

म्हणूनच या पुस्तिकेत प्रत्येक उदाहरणाचे पाच आकडे आधी दिले आहेत आणि मूळ निरीक्षणं प्रकरणाच्या शेवटी. वाचकाला माझी विनंती आहे, की चढ आणि आंतरछेद काढून ताळा जुळल्यावर लगेच पुढच्या प्रकरणाकडे वळू नये. पान उलटून ती निरीक्षणं आलेख कागदावर पेन्सिलीने मांडावीत, आपली रेषा त्यांतून ओढावी आणि मगच उत्तराखाली सही करावी.